‘रोज फक्त ०.१ टक्के’ म्हणणाऱ्या ॲपचं खरं व्याज कसं काढायचं

प्रश्न: घणसोलीत भाड्याने खोली मिळतेय, डिपॉझिटला १५ हजार कमी पडतात. पगार ७ तारखेला. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून एक ॲप घेतलं, त्याने २० हजार मंजूर दाखवलेत, ‘रोज फक्त ०.१ टक्के, मुदत ९१ दिवस’. पण कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिल्याशिवाय पुढेच जात नाही. मित्र म्हणतो, याच नावाचं ॲप प्ले स्टोअरवर आहे, म्हणजे सुरक्षित. घ्यावं का? खरं-खोटं ओळखायचं कसं?

उत्तर:

घेऊ नका. परवानगीच्या त्या खिडकीवर नकार द्या आणि आज रात्रीपुरतं ते ॲप बंद ठेवा. कारण पुढे सांगतो.

मी ठाण्यात नौपाड्याला बसतो. आधी अकरा वर्षं एका एनबीएफसीत, म्हणजे बँक नसलेल्या पण रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर कर्ज देणाऱ्या कंपनीत, छोट्या कर्जांच्या फाइली मंजूर करायचो, आता कर्जात अडकलेल्या लोकांचे हिशेब सोडवून देतो. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हा धंदा पाहिलाय. माझ्याकडे येणारे बहुतेक जण व्याजाचा दर बघून फसलेले नसतात. त्यांनी दर बघितलेला असतो, अगदी नीट बघितलेला असतो. बघायची राहते ती हातात पडणारी रक्कम आणि पहिल्या हप्त्याची तारीख. तुमच्या प्रश्नातही दर आहे, मुदत आहे, मंजूर रक्कम आहे. हातात किती पडणार आणि पहिला हप्ता कधी, हे दोन आकडे नाहीत. ते तुमच्याकडून राहिलेले नसावेत, ॲपने दाखवलेच नसतील.

कोपरीचा एक तरुण गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आला होता. जाहिरात जवळजवळ तुमच्यासारखीच: २०,००० मंजूर, रोज ०.१ टक्के, ९१ दिवस. त्याच्या पासबुकात जमा झाले १५,०००. मधले पाच हजार कुठे गेले? प्रोसेसिंग फी २,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४३२, ‘प्रोफाइल तपासणी’ १,६०० आणि त्याने कधी न मागितलेला विमा ५६८. बेरीज बरोबर पाच हजार. व्याज मात्र पूर्ण वीस हजारांवर: रोजचे २० रुपये, ९१ दिवसांचे १,८२०. म्हणजे वापरायला मिळाले १५,००० आणि परत करायचे २१,८२०. कर्जाची खरी किंमत ६,८२० रुपये.

आता एक साधी रीत सांगतो. आमच्या ऑफिसात नवीन पोरांना मी हीच शिकवायचो. हातात किती रुपये किती दिवस राहिले, याचा गुणाकार करायचा. पंधरा हजार ९१ दिवस राहिले तर १३ लाख ६५ हजार ‘रुपये-दिवस’ झाले. खर्चाला त्याने भागा: ६,८२० भागिले १३,६५,०००, म्हणजे रोजचा अर्धा टक्का. जाहिरातीत ०.१, हिशेबात ०.५. वर्षाचा दर काढला तर ३६.५ नाही, साधारण १८२ टक्के.

आणि हे सगळे पैसे ९१ व्या दिवशी एकदम द्यायचे असतील तर. त्या तरुणाच्या हप्त्यांच्या तक्त्यात पहिला हप्ता सातव्या दिवशी होता, १२,००० रुपयांचा. उरलेले ९,८२० एक्क्याण्णवाव्या दिवशी. व्याज कमी केलं नव्हतं. पुन्हा तोच गुणाकार करा. पंधरा हजार त्याच्याकडे राहिले सातच दिवस, म्हणजे १,०५,००० रुपये-दिवस. त्यानंतर ८४ दिवस त्याच्याकडे उरले फक्त तीन हजार, म्हणजे २,५२,०००. एकूण ३,५७,०००. खर्च तोच ६,८२०. भागाकार येतो रोज १.९ टक्के. वर्षाला सातशेच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, बँकेचा माणूस चक्रवाढीने करेल आणि आकडा आणखी वर जाईल, पण निर्णय घ्यायला एवढा पुरतो.

मग ९१ दिवस हा आकडा कशाला? तो प्ले स्टोअरच्या नियमासाठी असतो. ६० दिवसांत किंवा त्याआधी पूर्ण फेड मागणाऱ्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपला गूगल परवानगी देत नाही. म्हणून कागदावर मुदत लांब ठेवायची आणि मोठा हप्ता पहिल्याच आठवड्यात ओढायचा. त्यामुळे ‘मुदत ९१ दिवस’ वाचलं की लगेच विचारा, पहिला हप्ता किती तारखेला आणि किती रुपयांचा? तुमचा पगार ७ तारखेला असेल आणि पहिला हप्ता ४ तारखेला पडत असेल, तर ते कर्ज तुमच्या पगाराशी जुळवलेलं नाही. तुम्ही चुकावं म्हणूनच ती तारीख तशी ठेवलेली असते. चुकलात की ‘मुदतवाढ फी’ लागते, ती भरून मुद्दल एका रुपयाने कमी होत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी वसुलीवालाच दुसऱ्या ॲपची लिंक पाठवतो, ‘इथून घ्या आणि इकडचं मिटवा’. त्या कोपरीच्या मुलाच्या फोनवर अशी सहा ॲप होती. सहाव्याचे पैसे पाचव्याला, पाचव्याचे चौथ्याला.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही प्रत्येक मोठा टक्का बघून पळाल. लहान रकमेच्या, थोड्या दिवसांच्या कर्जात फी खरोखरच जड पडते. समजा एखाद्या रीतसर एनबीएफसीने तुम्हाला १५,००० वार्षिक २४ टक्क्यांनी तीन हप्त्यांत दिले आणि २ टक्के प्रोसेसिंग फी घेतली. फी ३०० आणि जीएसटी ५४ कापून हातात १४,६४६ पडतील. हप्ता साधारण ५,२०१. तीन महिन्यांत एकूण खर्च साडेनऊशेच्या आसपास. याचाही खरा वार्षिक दर ३९ टक्क्यांजवळ जातो. हे महाग आहे, पण लपवलेलं नाही आणि ६,८२० च्या पुढे काहीच नाही. तेव्हा टक्का एकटा बघून उपयोग नाही. तो टक्का सही करण्याआधी लिहून मिळाला का, हे महत्त्वाचं.

तो लिहून मिळण्याची जागा ठरलेली आहे. तिला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात, बोलताना केएफएस. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने बँका आणि एनबीएफसींच्या सगळ्या नव्या किरकोळ कर्जांना एकाच नमुन्यातलं केएफएस बंधनकारक केलंय. त्यात एपीआर, म्हणजे सगळ्या फिया धरून येणारा वार्षिक दर असतो, प्रत्येक कपात वेगळी दाखवलेली असते, हप्त्यांचा तक्ता असतो आणि तक्रार कोणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचं नाव-फोन असतो. यात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. आणि केएफएस हे करार होण्याआधी द्यायचं असतं. ‘आधी स्वीकारा दाबा, मग कागद मेलवर येईल’ असं ॲप म्हणत असेल तर तिथेच थांबा. कोपरीच्या प्रकरणात केएफएस नव्हतंच, ‘लोन डिटेल्स’ नावाची एक स्क्रीन होती आणि तिच्यावर चारच ओळी.

एक कबुली देतो. मी ज्या कंपनीत होतो तिचा परवाना रीतसर होता, तरी तिच्या एका भागीदार ॲपवर विम्याच्या चौकटीत आधीच टिक लावलेली असायची. ग्राहक खाली सरकवत जायचा, टिक तशीच राहायची. आम्ही दोघा-तिघांनी दोनदा लिहून कळवलं, तरी ती काढायला आठ महिने गेले. त्यामुळे परवाना आहे म्हणून डोळे मिटून दाबू नका. कपातींचा तक्ता बोट ठेवून वाचा, विमा नको असेल तर टिक काढा आणि हातात येणारी रक्कम पुन्हा बघा.

आता मित्राच्या म्हणण्याकडे येतो. प्ले स्टोअरवर त्याच नावाचं ॲप असेलही, पण तुमच्या फोनवर जे आलंय ते तेच आहे हे कशावरून? व्हॉट्सॲपच्या लिंकवरून थेट उतरलेली फाइल, जिला एपीके म्हणतात, ती प्ले स्टोअरच्या तपासणीतून गेलेली नसते. नाव आणि चिन्ह कोणीही चिकटवू शकतं. इन्स्टॉल करताना फोनने ‘अनोळखी ठिकाणाहून ॲप घेताय’ अशी सूचना दिली होती का ते आठवा. दिली असेल तर तुमचं ॲप प्ले स्टोअरचं नाहीच.

खरं ॲप ओळखायला मी ॲपपासून सुरुवातच करत नाही, सावकारापासून करतो. ॲप हे दुकान, कर्ज देणारा वेगळा असतो: बँक किंवा एनबीएफसी. स्वीकारा दाबण्याआधी ॲपने तिचं पूर्ण नाव दाखवायला हवं. ते नाव कागदावर लिहून घ्या. १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर, rbi.org.in वर, डिजिटल कर्ज ॲपची यादी आहे. तिथे ॲपचं नाव आणि त्याच्यासमोर कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव, दोन्ही जुळतात का बघा. मात्र ही यादी कंपन्यांनी स्वतः कळवलेल्या माहितीवर बनते. यादीत नाव आहे म्हणून रिझर्व्ह बँकेने ॲप तपासून पास केलंय असा अर्थ होत नाही. म्हणून आणखी एक पाऊल टाका: त्या एनबीएफसीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा. आपली ॲप कोणती आणि आपल्या वतीने काम करणारे भागीदार कोण, हे तिथे जाहीर करणं त्यांना बंधनकारक आहे. तिथे ॲप नसेल तर तिथल्याच नंबरवर फोन करून विचारा. ॲपमध्ये दिलेल्या नंबरवर नको, तो तर त्यांचाच. खऱ्या एनबीएफसीचं नाव परस्पर वापरणारी ॲप मी पाहिली आहेत. कंपनीच्या माणसालाच फोनवर धक्का बसला होता.

पैशाची वाटही बघता येते. नियमाप्रमाणे कर्ज सावकाराच्या खात्यातून सरळ तुमच्या खात्यात यायला हवं आणि हप्ताही सरळ सावकाराच्या खात्यात जायला हवा, मधल्या ॲपवाल्याच्या खात्यातून नाही. हप्ता भरताना यूपीआयवर कोणा व्यक्तीचं नाव उमटलं, किंवा दर वेळी नवा क्यूआर येत असेल, तर ते खातं भाड्याचं असण्याची शक्यता फार. कधीकधी कंपनीऐवजी पेमेंट गेटवेचं नाव दिसतं, ते चालतं, पण माणसाचं नाव चालत नाही.

आता कॉन्टॅक्ट्स. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोठा धोका हाच. पंधरा हजारांच्या कर्जासाठी तुमच्या मामाचा, शाळेतल्या बाईंचा आणि गॅसवाल्याचा नंबर कशाला लागतो? फेडण्याची ऐपत त्यातून कळत नाही. ती बँक स्टेटमेंट, पगारपत्रक आणि क्रेडिट रिपोर्टमधून कळते. नंबर लागतात ते वसुलीला. फोन तुम्हाला नाही, त्यांना जातात. त्या मुलाच्या बाबतीत हप्ता चुकायच्या आदल्या दिवशीच त्याच्या आत्याला फोटो गेला होता, केवायसीला काढलेला सेल्फी आणि खाली ‘चोर’ असं लिहिलेलं. आत्याने तो त्याच्या आईला पाठवला. माझ्यासमोर बसला होता तेव्हा टेबलावर उलटा ठेवलेला त्याचा फोन अखंड थरथरत होता आणि तो तिकडे बघतही नव्हता.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच याला बंदी घातली आणि मे २०२५ च्या डिजिटल कर्ज निर्देशांत ती कायम ठेवली: कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइली-फोटो, कॉन्टॅक्ट्स आणि कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. केवायसीपुरता कॅमेरा, माइक किंवा लोकेशन एकदाच, तेही तुमची संमती घेऊन. गूगलनेही २०२३ पासून कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बंद केलेत. म्हणजे तुमच्या ॲपची ती अडून बसलेली खिडकी हाच पुरावा समजा. रीतसर ॲप तसं अडूच शकत नाही. एखादी कंपनी ‘ओळखीच्या दोघांचे नंबर टाका’ म्हणते ते वेगळं. तिथे नंबर तुम्ही निवडता आणि त्या दोघांना आधी विचारता.

पुढच्या वेळी हे इन्स्टॉल करण्याआधीच बघता येतं. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर About this app उघडा आणि अगदी तळाला App permissions वर जा. तिथे Contacts, किंवा Photos आणि फाइली दिसल्या की मागे फिरा. रेटिंगवर फार भरवसा ठेवू नका. पाच तारे देणाऱ्यांचं सोडा, एक तारा देणाऱ्यांचं वाचा, तेही तारखेप्रमाणे लावून. तिथे ‘सात दिवस’, ‘कापून दिले’, ‘नातेवाइकांना फोन’ हे शब्द दिसतात का ते शोधा. हे पाच मिनिटांचं काम आहे.

तुम्ही आत्तापर्यंत काय काय दिलंय, यावर पुढचं ठरेल. फक्त ॲप उतरवलं आणि मोबाइल नंबर टाकला असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन त्याच्या सगळ्या परवानग्या बंद करा, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मग ॲप काढून टाका. क्रम महत्त्वाचा. ॲप आधी काढलंत तर पुरावाही जातो. मात्र परवानगी एकदा दिलेली असेल तर यादी त्याच क्षणी त्यांच्याकडे पोचली असं धरून चाला, नंतर बंद करून ती परत येत नाही. तसं झालं असेल तर जवळच्या लोकांना आजच एक साधा मेसेज टाका: ‘माझ्या नावाने कर्जाबद्दल फोन किंवा फोटो आला तर उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट मला पाठवा.’ लाज वाटते, माहीत आहे. पण त्यांचं सगळं बळ ही बातमी घरच्यांना पहिल्यांदा त्यांच्याकडून कळण्यात आहे.

पॅन, आधार आणि सेल्फी दिला असेल तर आणखी एक शक्यता असते: तुम्ही स्वीकारा न दाबताच खात्यात पैसे येतात. आले तर खर्च करू नका आणि फोनवर सांगितलेल्या यूपीआयवर परतही करू नका. बँकेच्या शाखेत लेखी द्या की ही रक्कम मी मागितलेली नाही. धमक्या सुरू झाल्या तर १९३० वर फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार. घणसोली जिल्ह्याने ठाण्यात येत असली तरी पोलिसांसाठी नवी मुंबई आयुक्तालयात येते, तेव्हा प्रत्यक्ष जायचं झालं तर ठाण्याला खेप घालू नका. परवाना नसलेल्या सावकाराबद्दल रिझर्व्ह बँकेचं sachet.rbi.org.in आहे. सावकार रीतसर निघाला, पण फी लपवली किंवा माणसं त्रास देतात, तर रस्ता वेगळा: आधी कंपनीला लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही, हेही त्यांना लागू आहे. फोनची वेळ दिसणारा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा.

ज्यांनी घेतलंच आहे त्यांनी मुद्दल परत करावं की नाही, हे मी सरसकट सांगत नाही. सावकार कोण, किती मिळाले, किती आधीच भरले, यावर ते ठरतं. एवढंच सांगतो की लेखी खातेउतारा मिळाल्याशिवाय आणि कोणा माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका. रीतसर कर्ज घेऊन लगेच पश्चात्ताप झाला असेल तर केएफएसमध्ये ‘कूलिंग-ऑफ’ मुदत बघा. ती किमान एक दिवसाची असतेच. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचा एपीआर भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी मात्र, आधी लिहिलेली असेल तर, ते ठेवून घेऊ शकतात.

आता तुमचे पंधरा हजार. आज काय तारीख आहे आणि ७ तारखेला किती दिवस आहेत ते मोजा. तुमची अडचण डिपॉझिटची आहे आणि ती तारखेची आहे. घरमालकाला विचारा: आत्ता आहे तेवढं घ्या, उरलेले ७ तारखेला, तसं भाडेकरारात लिहून. ठाण्या-नवी मुंबईत हे रोज होतं. एजंट नाही म्हणाला तर मालकाशी थेट बोला, घाई बऱ्याचदा एजंटलाच असते. मालक अडला तर कंपनीत पगारातून ॲडव्हान्स मागा, किंवा कर्मचाऱ्यांची पतपेढी असेल तर तिथे. घरात थोडं सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण बहुतेक वेळा वरच्या कुठल्याही हिशेबापेक्षा स्वस्त पडतं.

आणि पॅन टाकलेलं असेल तर महिनाभराने क्रेडिट रिपोर्ट नक्की काढा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात ‘एन्क्वायरी’चा भाग बघा. तुम्ही न मागितलेल्या कर्जाची चौकशी किंवा खातं दिसलं तर त्याच संकेतस्थळावर डिस्प्यूट नोंदवा, आणि तिथे दिसणाऱ्या संस्थेचं नाव इथे खाली लिहा, पुढचं पत्र कसं लिहायचं ते सांगतो.